खोकताना लघवी सुटते? व्यायामाआधी योग्य स्नायू शोधा

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. खोकताना, शिंकताना, खळखळून हसताना लघवीचे थेंब सुटतात म्हणून बाळंतपणानंतर ज्या बायका येतात, त्यांतल्या कितीतरी जणींनी मोबाइलवर बघून ‘कीगल’, म्हणजे लघवी अडवणारे स्नायू आवळायचा व्यायाम, आधीच सुरू केलेलं असतं. महिना-महिना नेमाने केलेलं असतं आणि फरक मात्र काही नसतो. मग त्या म्हणतात, माझं काही बरं होणार नाही, ऑपरेशनच सांगा. तपासल्यावर बऱ्याचदा कारण साधं निघतं. स्नायू आत आणि वर ओढून घ्यायचा असतो, आणि त्या जोर लावून खाली ढकलत असतात. अशा व्यायामाने फायदा तर नाहीच, उलट जिथे आधीच ताण आलाय तिथेच रोज आणखी दाब पडतो. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त जागा योग्य स्नायू ओळखायला दिली आहे. तो एकदा सापडला की पुढचं काम चिकाटीचं आहे, अवघड नाही.

गळतं कशामुळे

पुढे ओटीपोटाचं हाड आणि मागे माकडहाड, या दोन्हींच्या मध्ये स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. यालाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. बाईची मूत्रनलिका जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब असते आणि याच स्नायूंमधून खाली येते. खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढून मूत्राशयावर पडतो. स्नायू घट्ट असतील तर त्याच क्षणी ते खालून आधार देतात आणि नलिका दाबून बंद ठेवतात. नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा काही भाग मूळ लांबीच्या तिप्पट ताणला जातो, त्यांना चेतना देणारी नसही ओढली जाते. मग आधार उशिरा येतो किंवा कमी पडतो आणि थेंब सुटतो. चिमटा लावून किंवा व्हॅक्यूमने झालेली डिलिव्हरी, मोठं बाळ, कळा देण्यात गेलेला बराच वेळ, यांनी धोका वाढतो. सिझर झालेल्यांना हा त्रास कमी होतो, पण होतच नाही असं नाही, कारण नऊ महिन्यांचं वजन त्यांच्याही स्नायूंनी पेललेलं असतं.

दर तीन बाळंतिणींमागे साधारण एकीला कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होतो. घरात विषय निघालाच तर सासूबाई म्हणतात, “आमालाबी व्हायचं गं, त्यात काय एवढं.” त्यांना झालं असेल हे खरंच आहे. पण त्यांच्या वेळी उपाय कुणी सांगितला नव्हता म्हणून आज तो करायचा नाही, असं होत नाही.

एक फरक आधी नीट बघा. खोकणं, शिंकणं, हसणं, उडी, बादली उचलणं अशा दाबाबरोबर लगेच सुटते ती स्ट्रेस प्रकारची गळती. हा लेख तिच्याबद्दल आहे. अचानक जोराची कळ येते, दाराचं कुलूप उघडेपर्यंत किंवा बाथरूमला पोचेपर्यंत धीर धरवत नाही आणि वाटेतच होते, ती वेगळी गळती. तिच्यासाठी मूत्राशयाला हळूहळू जास्त वेळ थांबायची सवय लावावी लागते. काहींना दोन्ही असतात. आपली कोणती हे कळायला तीन दिवस एका वहीत लिहा: लघवीला किती वाजता गेलात, जुन्या मापाच्या भांड्यात मोजून साधारण किती मिली झाली, कधी सुटली आणि त्या वेळी काय करत होतात. डॉक्टरकडे गेलात तर ही वही त्यांना फार उपयोगी पडते.

व्यायाम सुरू करण्याआधी लघवीची साधी तपासणी करून घ्या, कारण जंतुसंसर्गानेही लघवी सुटू शकते. जळजळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर आधी त्यावर उपचार. दिवसरात्र सतत ठिबकत असेल, लघवी तुंबून होतच नसेल, शौचावरचा ताबा गेला असेल, मांडीच्या आतल्या भागाला किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा आला असेल, तर व्यायामाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. लघवी तुंबणं आणि बधिरपणा यांत तर त्याच दिवशी. योनीतून काहीतरी खाली उतरल्यासारखं, म्हणजे अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर तेही आधी दाखवा.

स्नायू शोधायचा कसा

लघवीला जाऊन या. पलंगावर किंवा चटईवर उताणं झोपा, गुडघे वाकवून पाय टेकवा, गुडघ्यांत वीतभर अंतर ठेवा. एक हात बेंबीखाली पोटावर ठेवा. दोन-तीन वेळा शांत श्वास घ्या आणि खालचा भाग सैल सोडा. बाळंतपणानंतर पुष्कळ जणी हा भाग नकळत आवळूनच ठेवतात. आधीच आवळलेला स्नायू आणखी काय आवळणार? म्हणून सैल सोडणं हा व्यायामाचा अर्धा भाग समजा.

आता श्वास सोडता सोडता, चारचौघांत गॅस अडवायचा आहे अशा रीतीने गुदद्वार आवळा. तिथून तीच ओढ पुढे आणा, योनी आवळा, आणि मग लघवी अडवतो तशी ती ओढ पुढच्या टोकापर्यंत नेऊन सगळं मिळून आत आणि वर उचला. पहिल्यांदा फार हलकं जाणवेल. काहीच जाणवलं नाही तरी घाबरू नका, ताज्या बाळंतपणात नसही मंद असते. क्षणभर धरा, मग सोडा, आणि सोडल्यावर तो भाग खाली येऊन सैल झाल्याचं जाणवतंय का ते बघा.

पोटावरच्या हाताला पोट फुगलेलं किंवा कडक झालेलं लागलं तर तुम्ही खाली ढकलताय. बेंबीखाली किंचित आत जाणं चालतं. नितंब दाबले गेले, मांड्या एकमेकींवर आल्या, श्वास रोखला गेला, भुवया वर गेल्या, तर जोर भलतीकडे जातोय. तेव्हा कमी जोर लावा. पन्नास टक्के ताकदीने केलेलं बरोबर आकुंचन शंभर टक्के ताकदीच्या चुकीच्या आकुंचनापेक्षा कितीतरी कामाचं.

खात्री करायचे दोन मार्ग आहेत आणि ते संकोचापोटी टाळू नका. पहिला आरशाचा. दार लावून, टेकून बसा, पाय फाका आणि छोटा आरसा समोर धरा. योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा बघा. बरोबर होत असेल तर ती जागा आत खेचली जाते आणि गुदद्वाराचं तोंड आवळतं. ती जागा बाहेर फुगत असेल तर थांबा, तो उलटा व्यायाम आहे. दुसरा मार्ग बोटाचा, तो सहा आठवड्यांनंतर, टाके भरून आल्यावर आणि अंगावरून जाणं थांबल्यावर. हात साबणाने धुऊन, नखं कापून, एक बोट योनीत दोन पेरं घाला आणि आवळा. बोटाभोवती पकड येऊन ते आत ओढलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. बोट बाहेर सरकत असेल तर ढकलणं चालू आहे.

लघवी करताना मध्येच धार थांबवून व्यायाम करायचा, असा सल्ला अजून ऐकू येतो. तो पाळू नका. ओळख पटवण्यासाठी एखाद वेळी करून बघितलं तर ठीक, पण रोजची सवय झाली तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

किती, कितीदा, किती दिवस

सगळ्यांना एकच आकडा देणं चुकीचं आहे. आधी आपली कुवत मोजा. आवळून किती सेकंद धरता येतं, आणि ओढ ढिली पडायच्या आत असं किती वेळा जमतं? समजा तीन सेकंद आणि पाच वेळा. मग तोच तुमचा पहिला डोस: तीन सेकंद धरा, सहा सेकंद पूर्ण सैल सोडा, असं पाच वेळा. त्यानंतर मिनिटभर थांबून झटपट आवळा-सोडा, आवळा-सोडा असं पाच ते दहा वेळा. सावकाश धरण्याने ताकद आणि दम वाढतो, झटपट आवळण्याने खोकल्याच्या क्षणी स्नायू वेळेवर धावून येतो. दोन्ही लागतात.

असं दिवसातून तीनदा. दर आठवड्याला जमेल तसा एखादा सेकंद किंवा एखादं आवर्तन वाढवा. कमीत कमी आठ आकुंचनं दिवसातून तीनदा, इथपर्यंत लवकर पोचायचं आणि पुढे दहा सेकंद दहा वेळा हे लक्ष्य ठेवायचं. आधी झोपून, ते सोपं वाटायला लागलं की बसून, मग उभं राहून. उभं राहून करणं महत्त्वाचं, कारण झोपून खोकताना क्वचितच गळतं. उभ्याने पोटाचं सगळं वजन खाली येतं आणि स्नायूची खरी परीक्षा तिथेच होते. वेळ लक्षात राहावी म्हणून बाळाला पाजून झालं की करा. पाजताना बसल्या जागी केलं तरी चालेल, फक्त पाठीला आधार असू द्या.

साधं बाळंतपण असेल आणि लघवी व्यवस्थित होत असेल तर पहिल्या काही दिवसांतच हलक्या हाताने सुरू करता येतं, टाक्यांवर ताण येत नाही. लघवीची नळी असेल तर ती निघेपर्यंत थांबा. गुदद्वारापर्यंत फाटून टाके पडले असतील तर डॉक्टरांना विचारून. व्यायामाने दुखत असेल, संबंधाच्या वेळी खूप दुखत असेल, तर स्नायू कमजोर नसून आखडलेला असू शकतो. तिथे आवळणं वाढवलं तर त्रास वाढतो, आधी सैल करायला शिकावं लागतं.

मुदत मात्र ठरलेली आहे: कमीत कमी तीन महिने. पहिले दोन-तीन आठवडे बाहेरून काही बदल दिसत नाही आणि बहुतेक जणी तिथेच सोडतात. स्नायूची जाडी आणि ताकद वाढायला वेळ लागतोच, दंडाचा असो की पेल्विक फ्लोअरचा.

खोकल्याच्या आधी आवळणं

तीन महिने थांबायचं असलं तरी एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच उपयोगी पडते. खोकला किंवा शिंक येणार हे आपल्याला क्षणभर आधी कळतं. त्याच क्षणी स्नायू आवळायचा, खोकला पूर्ण होईपर्यंत धरून ठेवायचा, मग सोडायचा. इंग्रजीत या युक्तीला ‘नॅक’ म्हणतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की एवढं नीट शिकवल्यावर आठवड्याभरातच खोकतानाची गळती पुष्कळ कमी होते, तेही ताकद वाढायच्या आधी. म्हणजे काम वेळ साधण्याचं आहे. आरशासमोर उभ्या राहून मुद्दाम हलका खोकला काढून सराव करा: आवळा, खोका, सोडा. नंतर हीच सवय बादली, भरलेली घागर, बाळाचा पाळणा उचलताना लावा: आवळा, श्वास सोडत उचला.

एक खोकला असेल तर हे जमतं, पण ठसका लागला की नाही. आणि कोल्हापुरात ठसक्याचे दिवस ठरलेले असतात. एप्रिल-मे महिन्यात घराघरात वर्षाची चटणी होते, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या भाजल्या जातात आणि अख्खी गल्ली खोकते. लागोपाठ दहा-बारा खोकल्यांत स्नायू दमतो. तेव्हा पायावर पाय आडवा टाकून मांड्या घट्ट करा, कमरेतून थोडं पुढे वाका आणि जमेल तसं पुन्हा आवळत राहा. या पवित्र्यात गळती कमी होते. आणि पहिली तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत मिरच्या भाजायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

एक उदाहरण

शुक्रवार पेठेतली, 29 वर्षांची, पहिलं बाळंतपण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाळ साडेतीन किलोचं, डिलिव्हरी व्हॅक्यूम लावून. पाच महिने झाले होते आणि चटणीच्या दिवशी सगळ्यांसमोर साडी भिजली, तेव्हा ती जावेबरोबर आली. दिवसाला तीन पॅड लागत होते. महिनाभर रोज शंभर वेळा ‘कीगल’ करत होती.

मी करून दाखवायला सांगितलं. तिने खोल श्वास घेतला, रोखला, पोट फुगलं, चेहरा लाल झाला. तपासणीत स्नायू वर न येता खाली उतरत होता. पहिली भेट केवळ श्वास सोडत, थोड्या जोराने, वर कसं ओढायचं यातच गेली. शेवटी एक हलकी पण खरी ओढ आली, दोन सेकंद टिकली, आणि चार वेळांनंतर संपली. तिला मी सांगितलं, शंभर बंद, आता दोन सेकंद चार वेळा, दिवसातून तीनदा. तिला ते फारच थोडं वाटलं. पण तिच्या स्नायूची त्या दिवशीची कुवत तेवढीच होती.

दुसऱ्या आठवड्यात नॅक जमायला लागली आणि एकट्या शिंकेला कोरडी राहिली. चौथ्या आठवड्यात ती नाराज होऊन आली, कारण सर्दी झाल्यावर पुन्हा भिजायला लागलं होतं. पुन्हा तपासलं तर धरणं पाच सेकंदांवर गेलं होतं, सातदा जमत होतं. व्यायाम बरोबर चालला होता, सर्दीच्या खोकल्याएवढी ताकद अजून आली नव्हती. त्याच भेटीत कळलं की लोहाच्या गोळ्यांनी तिला कडक होत होतं आणि ती रोज सकाळी दहा मिनिटं कुंथत होती. बाळंतपणानंतर सरकारी योजनेतून सहा महिने या गोळ्या मिळतात आणि त्या बंद करायच्या नसतात. पण रोजचं कुंथणं म्हणजे रोजचा खाली दाब. तिने पाणी वाढवलं, पालेभाजी आणि पेरू वाढवले, कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घेतलं. डॉक्टरांनी रात्रीचं पातळ औषध दिलं. गळती होते म्हणून ती पाणीही कमी पीत होती, ते थांबवलं. अंगावर पाजणाऱ्या बाईने पाणी तोडलं तर लघवी दाट होऊन कळ वाढते आणि बद्धकोष्ठही वाढतं.

आठव्या आठवड्यात उभ्याने आठ सेकंद जमले, पॅड दिवसाला एकावर आलं. बाराव्या आठवड्यात दहा सेकंद दहा वेळा. खोकला, हसणं, घागर, यांत कोरडी. पण उडी मारली की थेंब यायचा. पुढे गौरी-गणपती होते आणि तिला झिम्मा-फुगडी खेळायची होती. उडीत शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर खाली येतो, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी सुटणारी अडचण असते. तिला आधी टाचा उचलून आपटणं, मग जागच्या जागी छोट्या उड्या, प्रत्येक उडीआधी आवळून, असं पाच-पाच मिनिटं करायला लावलं. गौरीच्या जागरणाला ती झिम्मा खेळली, फुगडी थोडीच घातली, आणि खेळायच्या आधी लघवीला जाऊन आली. आता ती दिवसातून एकदाच करते. ते मात्र सोडायचं नाही, सोडलं की ताकद उतरते. पुढचं बाळंतपण असेल तर गरोदरपणातच पुन्हा तीन वेळांवर यायचं.

तीन महिन्यांनी फरक नसेल तर

पहिली शंका पद्धतीची घ्या, स्नायूची नंतर. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. वेळ ठरवताना सरळ विचारा की तुम्ही आतून हाताने तपासून आकुंचन बघता का. फक्त कागदावर व्यायाम लिहून मिळत असतील तर ती तपासणी अपुरी आहे. सरकारी ठिकाणी जायचं असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, तिथे दाखवून सुरुवात करता येते. एकही आकुंचन जाणवत नसेल तर मशीनने हलका करंट देऊन किंवा पडद्यावर आकुंचन दाखवून स्नायू जागा करता येतो. ज्यांना आकुंचन जमतं त्यांना अशा मशीनवर पैसे घालवायची सहसा गरज नसते.

वजन बरंच जास्त असेल तर ते थोडं उतरवल्यानेही गळती कमी होते. जुना खोकला किंवा दमा असेल तर त्याचा उपचार आधी, कारण दिवसभराच्या खोकल्यापुढे कोणताही स्नायू हरतो. योनीत बसवायची सिलिकॉनची पेसरी काहींना आधार देते, व्यायाम चालू असताना किंवा फक्त खेळताना वापरायला ती बरी पडते. काही बाळंतपणांत स्नायू हाडापासून सुटलेला असतो. अशांना व्यायामाने मिळणारा फायदा मर्यादित राहतो, हे तपासणीत किंवा सोनोग्राफीत कळतं. ऑपरेशनमध्ये मूत्रनलिकेखाली जाळीची पट्टी किंवा स्वतःच्याच शरीरातल्या पडद्याची पट्टी घालून आधार देतात. जाळीमुळे काहींना नंतर दुखणं किंवा जाळी उघडी पडणं असे त्रास होतात, म्हणून कोणती पट्टी आणि का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणखी मूल हवं असेल तर ऑपरेशन शक्यतो पुढे ढकलतात, कारण पुढच्या बाळंतपणात तो आधार पुन्हा ताणला जाऊ शकतो.